‘बोट’मधल्या ‘ट’चा मुका स्वर आणि दोन भाषांचं एक शब्दकोडं

‘देवनागरी ही जगातली एकमेव शास्त्रशुद्ध लिपी, जसं बोलतो तसंच लिहितो’ हा निरोप आमच्या बेळगावातल्या प्रत्येक कौटुंबिक गटावर महिन्यातून एकदा तरी फिरतो. पाठवणाऱ्याला एकच विनंती करावीशी वाटते. ‘बोट’ हा शब्द मोठ्यानं वाचा आणि शेवटच्या ‘ट’मध्ये लिहिलेला ‘अ’ ऐकू येतो का ते सांगा. येत नाही. मराठी माणूस ‘बोट्’ म्हणतो आणि ‘बोट’ लिहितो. ही विसंगती लिपीचा दोष आहे की गुण, यावर हवं तर वाद घालावा, पण मराठी-इंग्रजी शब्दकोडं रचणाऱ्याचा सगळा धंदा तिच्यावरच चालतो.

असं कोडं म्हणजे काय, ते आधी सांगतो. मराठी सूचना आणि इंग्रजी उत्तर, असा प्रकार सोपा असतो. तो भाषांतराचा गृहपाठ झाला. मला हवं आहे ते वेगळं: चौकोनात भरलेलं उत्तर एकच, पण ते मराठी शब्द म्हणूनही खरं आणि इंग्रजी शब्द म्हणूनही. ‘बोट’ हाताचं असतं आणि पाण्यावरही चालतं. ‘लेक’ माहेरी येते आणि पावसाळ्यात भरतो. ‘मोर’, ‘गोल’, ‘पूल’, ‘केस’, ‘रोप’, ‘नट’, ‘गाय’ हे सगळे त्याच पंक्तीतले. सीमाभागात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी असते, त्यामुळे इथल्या मुलांना असे शब्द गोळा करायला वेळ लागत नाही. अडचण सुरू होते ते एकमेकांत गुंफताना.

इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो आणि वर्ण आहेत २६. मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा आणि असेल तर जोडाक्षर, सगळं मिळून. ‘महाराष्ट्र’ला चार चौकोन पुरतात, इंग्रजीत अकरा लागतात. ‘ळ’ धरून ३४ व्यंजनं आणि त्यांची बाराखडी एवढंच मोजलं तरी ४०८ अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर त्यांच्यात एक अक्षर अगदी तसंच असावं लागतं. इंग्रजी वर्णांत लिहिले तर ‘लेक’ आणि ‘केस’ दोन ठिकाणी छेदू शकतात. देवनागरीत कुठेच नाही, कारण एकात ‘क’ आहे आणि दुसऱ्यात ‘के’.

आता त्या मुक्या ‘अ’कडे वळू. इंग्रजीतले एकाच उच्चाराचे छोटे शब्द बहुधा व्यंजनावर संपतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो, म्हणून हे इंग्रजी शब्द देवनागरीत पाय न मोडता बसतात आणि मराठी शब्दांसारखेच दिसतात. कन्नडमध्ये ही सोय नाही. तिथे शब्दाच्या शेवटी लिहिलेला स्वर बोलला जातो, म्हणून बोलण्यात बसची ‘बस्सु’ होते, आणि पाटीवर ‘बस’ लिहायचं तर ‘स’चा स्वर काढणारं चिन्ह द्यावं लागतं. बेळगावच्या बसस्थानकावरची कन्नड पाटी नीट पाहिली तर ते दिसेल. माझे कन्नड शेजारी असं कोडं कन्नड-इंग्रजीत करायला बसले आणि दहा मिनिटांत उठले.

पण या सोयीची किंमत द्यावी लागते. आपल्या यादीत मात्रा पहिल्या अक्षरावर असते आणि शेवटचं अक्षर मोकळं: बो-ट, गो-ल, ले-क, के-स. दोन-दोन चौकोनांच्या छोट्या चौकटीत आडव्या शब्दाचं शेवटचं अक्षर हे उभ्या शब्दाचं पहिलं अक्षर होतं. म्हणजे तो उभा शब्द मोकळ्या अक्षरानं सुरू व्हायला हवा, आणि आपले बहुतेक शब्द मात्रेनं सुरू होतात! इथे बिजागरी म्हणून उपयोगी पडतात ते पहिल्या अक्षरातही ‘अ’च असलेले शब्द: सम, सर, मग, जग, रग, डग, वन, सन, कट, गट. इंग्रजीत कपाला जो स्वर आहे तो असलेले शब्द शोधायचे, बस्स. त्यातून ही चौकट जमली:

स म
र ग

आडवे ‘सम’ आणि ‘रग’, उभे ‘सर’ आणि ‘मग’. चारही शब्द मराठी, चारही इंग्रजी. गंमत म्हणजे खालच्या डाव्या चौकोनातला ‘र’ उभा वाचताना मुका आहे (सर्) आणि आडवा वाचताना बोलका (रग). एकाच चौकोनातलं एकच चिन्ह दोन उच्चार करतं, आणि कुणाला खटकत नाही. ‘जसं बोलतो तसं’ म्हणणाऱ्यांनी हे चौकोन जरा पाहावेत.

सूचनाही दोन्हीकडे चालणारी हवी. ‘रग’साठी मी लिहिलं: ‘अंगात असली तर जिरवतात, जमिनीवर असली तर झटकतात.’ ‘सर’साठी: ‘पावसाची आली की छत्री उघडते, वर्गात आले की तोंडं मिटतात.’ ‘सम’ला ‘दोघांत वाटला तर बाकी शून्य, इंग्रजीत तीच बेरीज’ यापुढे मला जाता आलेलं नाही. सूचनेतल्या ‘आली’-‘आले’मुळे लिंग फुटतं हे खरं, पण ते लपवायला गेलं तर वाक्य कृत्रिम होतं. त्यापेक्षा फुटू द्यावं.

वरच्या डाव्या कोपऱ्याचं एक वैशिष्ट्य लक्षात आलं का? तिथे दोन्ही शब्द सुरूच होतात, म्हणून तिथे मात्रा चालते. त्या कोपऱ्यात ‘को’ ठेवला की:

को ड
र ग

‘कोड’ (कौतुकाच्या आधी येतं ते), ‘कोर’ (चंद्राची), ‘डग’ आणि ‘रग’. इंग्रजी अर्थ तुम्हीच लावा.

सगळ्या जोड्या मात्र अशा निर्मळ नसतात. ‘जून’ भेंडीतला ‘ज’ आणि महिन्यातला ‘ज’ लिहायला एक असले तरी मराठी कानाला दोन आहेत. चौकोन तो शब्द पास करतो, कान नापास करतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. मराठी शब्दात शेवटच्या मोकळ्या अक्षराआधीचा इकार-उकार नियमानं दीर्घ होतो, म्हणून ‘टीप’. हॉटेलात ठेवतो ती इंग्रजी ‘टिप’ मात्र ऱ्हस्व. चौकोनात ‘टी’ की ‘टि’? माझा नियम असा की लिखाण हुबेहूब जुळलं तरच शब्द घ्यायचा आणि उच्चार थोडा सैल सोडायचा. ‘जून’ आत, ‘टीप’ बाहेर.

तीन अक्षरांचे शब्द फार थोडे सापडतात. ‘सेवन’ एक, ‘सोनार’ दुसरा (पाणबुड्यांना आवाजावरून दिशा कळते तो). ‘सेवन’मध्ये मधला ‘व’ही मोकळा आहे, त्यामुळे त्याच्याखाली ‘वन’ लोंबतं आणि शेवटच्या ‘न’खाली ‘नट’. पण तसं केलं की दुसऱ्या ओळीत ‘न’ आणि ‘ट’ शेजारी येतात आणि आडवा ‘नट’ आपोआप तयार होतो. एकाच कोड्यात एकच उत्तर दोनदा, हे कोडं रचणाऱ्यांत चालत नाही. ‘व’च्या खाली काळं घर दिलं की तंटा मिटतो, पण मग ‘वन’ जातं.