ज्वालारोधक झगा आणि बोअरचे पाणी

इंदूरच्या कापड बाजारात थंडीच्या सुरुवातीला लहान मुलांचे फलालीनचे झगे आणि पायजमे दिसू लागतात, आणि त्यांत अधूनमधून निर्यातीतून उरलेला मालही असतो. अशा एखाद्या पायजम्याच्या आतल्या पट्टीवर लाल अक्षरांत 'कीप अवे फ्रॉम फायर' असे छापलेले आढळले, तर त्याचा अर्थ हा कपडा आगीला दाद देत नाही असा मुळीच नव्हे. ब्रिटनच्या 1985 च्या नियमांनुसार मुलांच्या रात्री घालायच्या झग्यांनी ज्वलनाची चाचणी उत्तीर्ण होणे सक्तीचे आहे. पायजमे आणि तान्ह्या बाळांचे कपडे मात्र चाचणीविना विकता येतात, पण मग त्यांवर हा लाल इशारा असावा लागतो. चाचणी उत्तीर्ण झालेल्या कपड्यावरील मजकूर काळ्या अक्षरांत असतो, आणि कापडावर ज्वालारोधक रसायनाची प्रक्रिया केलेली असेल तर आणखी एक सूचना छापावी लागते: 50 अंशांहून अधिक गरम पाण्यात धुऊ नये आणि धुण्याचे साधन योग्य आहे का ते पाहावे. धुण्याच्या साधनाविषयीचा हा इशारा आपल्याकडे फारसा कोणी वाचत नाही. माळव्यात मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

आधी कापडाचे पाहू. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. सुती कापड जळत राहण्यासाठी साधारण 18 टक्के ऑक्सिजन पुरतो, म्हणून ते हवेत एकदा पेटले की स्वतःहून विझत नाही. लोकरीला मात्र सुमारे 25 टक्के लागतो, म्हणून ज्योत दूर केली की लोकर बहुधा धुमसून थांबते. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन रासायनिकदृष्ट्या सुतासारखेच सेल्युलोज असल्यामुळे तसेच जळते. परंतु ज्योत किती वेगाने पसरेल हे धाग्याइतकेच विणीवरही अवलंबून असते. कापड जितके हलके आणि विरळ, तितके तापवायला वस्तुमान कमी आणि हवा अधिक, त्यामुळे पातळ मलमल जाड खादीपेक्षा कितीतरी लवकर जळून जाते. फलालीन जाड असूनही धोकादायक असते ते त्याच्या लवेमुळे. ऊब यावी म्हणून खरवडून वर काढलेल्या त्या बारीक तंतूंना प्रत्येकी चहूबाजूंनी हवा मिळते आणि ज्योत पृष्ठभागावरून सरकन धावत जाते. पॉलिएस्टर आणि नायलॉन आचेपासून आक्रसून दूर जातात आणि वितळून ठिबकतात, त्यामुळे ज्योत कमी पसरते, पण वितळलेला थेंब त्वचेला चिकटून खोल भाजतो. सूत आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण मात्र या दोहोंच्या मध्ये बसत नाही. त्यातले सूत सांगाड्यासारखे उभे राहते आणि वितळलेले पॉलिएस्टर त्यातच धरले जाऊन जळत राहते. या सर्वांवर कपड्याच्या घेराचा परिणाम होतो. ज्योत खालून वर सर्वांत वेगाने चढते, कारण वरचे कापड आधीच तापलेले असते, आणि सैल झग्यात तिला हवा आतूनही मिळते.

सुती कापडावरची टिकाऊ प्रक्रिया बहुधा फॉस्फरसच्या संयुगांची असते. सेल्युलोज साधारण 350 अंशांना तुटते आणि त्यातून पेट घेणाऱ्या वाफा निघतात. ज्योत म्हणजे या वाफांचे जळणे. फॉस्फरसचे संयुग तापल्यावर आम्ल तयार करते, आणि ते आम्ल सेल्युलोजमधले पाणी त्याआधीच, कमी तापमानाला काढून घेते. मागे काळा कोळसा उरतो, वाफा कमी होतात आणि ज्योतीचे इंधन संपते. म्हणजे प्रक्रिया केलेले कापड जळतच नाही असे नव्हे, ते काळे पडून थांबते. प्रोबन या पद्धतीत फॉस्फरसयुक्त द्रावणात भिजवलेल्या कापडावर अमोनिया वायू सोडून तंतूंच्या आत न विरघळणारे बहुवारिक तयार केले जाते, तर पायरोव्हॅटेक्स या पद्धतीत संयुग सेल्युलोजलाच रासायनिक बंधाने जोडले जाते. याउलट टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवून वाळवलेले कापडही पेटत नाही, पण ते क्षार एका धुण्यात निघून जातात. गे-ल्यूसाकने 1821 मध्ये नाट्यगृहातल्या कापडांसाठी असेच क्षार सुचवले होते, आणि न धुतल्या जाणाऱ्या पडद्यांसाठी ते आजही ठीक आहेत. मुलांच्या कपड्यासाठी नाहीत.

टिकाऊ म्हणून विकली जाणारी प्रक्रिया धुण्याने सहसा निघून जात नाही. ती निकामी होते, आणि त्याला बहुतेक वेळा पाणी कारण असते. इंदूरमध्ये नर्मदेचे पाणी दिवसाआड येते आणि उरलेली गरज बोअरवर भागते. बेसाल्टच्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते, म्हणून त्यात साबणाला फेस येत नाही. समजा, पाण्याचा दुष्फेनपणा लिटरला 400 मिलिग्रॅम आहे आणि बादलीत 20 लिटर पाणी आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात हे 8 ग्रॅम होते. एवढे कॅल्शियम जवळजवळ 50 ग्रॅम साबणाला गाठून त्याचा न विरघळणारा चुन्याचा साबण करू शकते. त्यातला बराचसा वर तवंग होऊन निघून जातो. परंतु साबणात भिजलेला कपडा पुन्हा बोअरच्याच पाण्यात खळबळला की उरलेला साबण थेट तंतूंवर साकळतो. हा राखाडी थर मूलतः चरबी आहे, आणि चरबी जळते. याशिवाय कॅल्शियम फॉस्फरसच्या आम्लगटांना चिकटून त्यांचे क्षार बनवते, आणि अशा क्षारापासून आचेत आम्ल सुटत नाही. रसायन कापडात आहे, पण ज्या कामासाठी घातले ते काम करीत नाही, अशी ही स्थिती असते.

अमेरिकेच्या मानकात 25.4 सेंटिमीटर लांबीची पट्टी भट्टीत पूर्ण कोरडी करून उभी टांगतात, तिच्या खालच्या कडेला 3 सेकंद ज्योत लावतात आणि 5 पट्ट्यांच्या जळालेल्या भागाची सरासरी 17.8 सेंटिमीटरच्या आत राहावी लागते. ही परीक्षा 50 धुण्यांनंतरही द्यावी लागते. ही धुणी मात्र ठरवून दिलेल्या पद्धतीने यंत्रात होतात. बोअरचे पाणी, वडीचा साबण आणि धोपटणे यांची ती परीक्षा नव्हे, म्हणून लेबलवरच्या धुण्यांचा आकडा मी आपल्या घरांसाठी जसाच्या तसा धरणार नाही.

यावर उपाय फार अवघड नाहीत. असे कपडे वडीऐवजी डिटर्जंट पावडरने धुवावेत, कारण तिच्यामुळे असा थर बसत नाही. शेवटचे खळबळणे शक्यतो नर्मदेच्या पाण्यात व्हावे. कपडा कडक, राखाडी आणि किंचित मेणचट लागू लागला तर थर बसला आहे असे समजावे. पांढऱ्या व्हिनेगरच्या सौम्य द्रावणात भिजवल्याने कॅल्शियम सुटते, पण त्यानंतर सुटलेली चरबी काढण्यासाठी पुन्हा डिटर्जंटने धुणे आवश्यक असते. क्लोरीनचे ब्लीच टाळावे, कारण ते प्रक्रियेचे बंधच तोडते, आणि कपडे मऊ करणारे द्रावणही टाळावे, कारण तेही तंतूंवर चरबीसारखाच थर ठेवते. ब्लीचने तुटलेली प्रक्रिया व्हिनेगरने परत येत नाही.

घट्ट बसणारा पायजमा हा रसायनाशिवायचा पर्याय आहे, आणि अमेरिकेने 1996 मध्ये अशा कपड्यांना चाचणीतून सूट दिली, कारण अंगालगतच्या कापडाला हवा आतून मिळत नाही. त्यामागे ट्रिसचा अनुभवही होता. पॉलिएस्टरच्या रात्रीच्या कपड्यांवर वापरले जाणारे हे ब्रोमिनयुक्त रसायन जनुकांत बदल घडवते असे दिसल्यावर 1977 मध्ये त्याच्यावर बंदी आली, आणि पुढल्याच वर्षी असे कपडे घातलेल्या मुलांच्या लघवीत त्याच्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध झाले. फॉस्फरसच्या आजच्या टिकाऊ प्रक्रियांत रसायन तंतूंत बांधलेले असते, तरी नवा कपडा घालण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावा, म्हणजे न जोडले गेलेले अवशेष निघून जातात.