कोकण किनाऱ्यासमोरचे ‘शिवा विवर’: वादाची पार्श्वभूमी

डायनोसॉर संपवणारा लघुग्रह मुंबईजवळ समुद्रात पडला, हा मजकूर कोकणातल्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. त्याचे मूळ १९९०च्या दशकातल्या एका प्रस्तावात आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राभोवती सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर गाडले गेले असून बॉम्बे हायचा उंचवटा हे त्याचे मधले शिखर आहे, असा तो दावा होता.

मधले शिखर का शोधतात, हे मेक्सिकोच्या चिक्शुलूब विवरावरून कळते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच सुमारास, सुमारे १० किलोमीटरचा लघुग्रह सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास वेगाने तिथे आदळला. विवर खणले ते त्याच्या वजनापेक्षा त्या धडकेने खडकात घुसलेल्या दाबलाटेने. लाट पुढे सरकली आणि मागचा दाब सुटताच खडक पातळ होऊन बाहेर, वर वाहू लागला. मिनिटभरातच ३० किलोमीटरच्या आसपास खोल खड्डा तयार झाला. तो टिकणे शक्य नव्हते. तळ उसळून वर आला, कडा आत ढासळल्या, उसळलेला भाग पुन्हा कोसळून भोवती पसरला आणि शिखरांचे वर्तुळाकार कडे उरले. २०१६ साली तिथे छिद्र घेतले, तेव्हा मुळात १० किलोमीटरच्या आसपास खोलीवरचा ग्रॅनाइट या कड्यात सापडला.

म्हणजे समुद्रतळाखाली नुसता उंचवटा दिसला, तर तेवढ्याने काही ठरत नाही. भूकवच ताणले गेले तरी असे उंचवटे आणि खोलगट भाग तयार होतात, आणि भारताचा पश्चिम किनारा तसाच ताणून तुटलेला आहे. हवी असते ती धक्क्याची खूण. बुलढाण्याचे लोणार जेमतेम पावणेदोन किलोमीटरचे, तरी तिथल्या बेसाल्टमधली खनिजे धक्क्याने काच झालेली सापडतात. ५०० किलोमीटरच्या विवराच्या काठाशी तर उडालेल्या दगडमातीचा शेकडो मीटर जाडीचा थर हवा होता. रायगड-रत्नागिरीच्या कड्यांत दिसतात ते लाव्हाचे थर, एकावर एक. बहुतेक भूवैज्ञानिक हा दावा मान्य करत नाहीत, आणि माझ्या मते तो केव्हाच निकाली निघायला हवा होता.

संहाराचा हिशेब विवराच्या रुंदीवर सोडवता येत नाही, तिथला खडकही पाहावा लागतो. चिक्शुलूबला जिप्समसारखे गंधकयुक्त खडक होते. त्यांची वाफ वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन सल्फेटचे सूक्ष्म कण झाले. त्यांत बारीक धूळ आणि काजळी मिसळून सूर्यप्रकाश अडला. काही महिने तरी वनस्पती आणि समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचे अन्न तयार करणे जवळजवळ थांबले, अन्नसाखळी तुटली, सुमारे तीन चतुर्थांश जाती गेल्या.

कोकणाचा या घटनेशी खरा संबंध आहे तो दख्खनच्या लाव्हाचा. हे उद्रेक लघुग्रहाच्या आधीच सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले. त्यांच्या वायूंनी हवामान किती बिघडवले, त्यातले किती धडकेपूर्वीचे, यावर अजून एकमत नाही.