पन्नास स्लाइड्स आणि डावीकडचा कोरा समास

पानाच्या डावीकडे प्रश्न, उजवीकडे टिपणे आणि तळाशी सारांशाची चौकट, ही मांडणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली. तिथे विद्यार्थ्यांना अभ्यासाची तंत्रे शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी १९६२ च्या ‘हाउ टू स्टडी इन कॉलेज’ या पुस्तकातून ती सर्वदूर नेली. साडेआठ इंच रुंद कागदावर अडीच इंच समास, सहा इंच टिपणांसाठी आणि खाली दोन इंचांची पट्टी. आपल्या ए-४ कागदावर ही मापे साधारण ६ आणि १५ सेंटिमीटर अशी बसतात.

ही मांडणी कानांनी ऐकलेल्या व्याख्यानासाठी होती, हे विसरू नये. तासाला फक्त उजवा रकाना भरायचा. समास मुद्दाम कोरा ठेवायचा आणि नंतर टिपणे वाचून त्यात प्रश्न लिहायचे. मग उजवा रकाना झाकून, समासातल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने सांगून पाहायचे. पद्धतीचा खरा जीव या झाकण्यात आहे.

१९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले आणि पुढे व्याख्यान छापील स्वरूपातच हाती पडू लागले. लिहून घेण्याचे काम संपले, पण त्याबरोबर ऐकता ऐकता होणारी निवडही गेली. पन्नास स्लाइड्स क्रमाने उतरवून काढल्या की पाने भरतात, हाती काही लागत नाही.

मूत्रनिर्मितीवरची पन्नास स्लाइड्स घ्या. मुखपृष्ठ, उद्दिष्टे आणि एकाच आकृतीचे एकेक बाण वाढवत नेलेले टप्पे आधी बाजूला काढायचे. उरलेल्या स्लाइड्स क्रम मोडून प्रश्नांखाली गोळा करायच्या. एक प्रश्न असा: ‘दिवसाला १८० लिटर गाळले जाते, मग लघवी दीड लिटरच का?’ गाळण्याचा वेग (मिनिटाला १२५ मिलिलिटर), पहिल्या वळणदार नलिकेत परत शोषले जाणारे सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि शेवटी संग्राहक नलिकेवर एडीएच संप्रेरकाचे नियंत्रण, हे सगळे उजवीकडे त्यासमोर येते. स्लाइड्समध्ये या गोष्टी बऱ्याचदा एकमेकींपासून लांब विखुरलेल्या असतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्लाइडचे शीर्षकच समासात उतरवणे. ‘एडीएच’ एवढेच लिहिले तर उजवा रकाना झाकल्यावर मन ‘येतंय की’ म्हणून पुढे सरकते. ‘एडीएच नसेल तर लघवीचे काय होईल?’ असे लिहिले की उत्तर द्यावेच लागते, आणि येत नसेल तर तिथल्या तिथे कळते. सारांशही शेवटच्या स्लाइडवरून उचलू नये. स्लाइड्स बंद करून दोन-तीन वाक्यांत तो स्वतः लिहावा.

आकृत्यांपाशी मात्र ही पद्धत अडते. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीचे, म्हणजे नेफ्रॉनचे चित्र शब्दांत आटवता येत नाही. मी समासात त्याची नावांविना रेघारेघांची आकृती काढते आणि नावे उजवीकडे लिहिते.