पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच : एका उसन्या कॉर्डची पार्श्वभूमी

पेटीवर पांढरी एक हा सा धरा. मग पांढरी सहा म्हणजे शुद्ध धैवत, तिच्या डाव्या हाताची काळी चार म्हणजे कोमल धैवत आणि पांढरी पाच म्हणजे पंचम. या तीन पट्ट्या याच क्रमाने सावकाश दाबून बघा. पॉप गाण्यात ओळ संपताना जिथे आतून काहीतरी हलतं, तिथे पुष्कळदा हेच तीन स्वर खालून उतरत असतात. कीबोर्डवाल्याच्या कागदावर ते कॉर्डच्या, म्हणजे एकत्र दाबायच्या तीन स्वरांच्या, नावांत असे दडलेले दिसतात:

```
C   Am   F  Fm   C
```

नुसतं F म्हणजे एफ मेजर, Fm म्हणजे एफ मायनर. एफ मेजरमध्ये म, ध आणि सा असतात. एफ मायनरमध्ये म आणि सा जागेवरच राहतात, फक्त ध कोमल होतो. सी मेजरच्या सात स्वरांत कोमल ध नाही. तो सी मायनरमधला आहे. दोन्हींचा सा एकच, म्हणून सी मायनरला सी मेजरचा पॅरलल मायनर म्हणतात. गाणं मेजरचंच ठेवून तिथून एखादा कॉर्ड घटकाभर आणायचा, याला मोडल इंटरचेंज असं नाव आहे. मी ‘उसना कॉर्ड’ म्हणतो. शेजारून वाटीभर साखर आणली म्हणून घर बदलत नाही. तसा इथे सा बदलत नाही.

ही उसनवारी युरोपात आधी उलट दिशेने चालायची. सोळाव्या शतकात मायनरमधल्या रचनेचा अगदी शेवटचा कॉर्ड मेजर करायची पद्धत होती, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार यायचा. रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात त्याला पिकार्डीचा गंधार म्हटलं. मेजरने मायनरकडून घेणं एकोणिसाव्या शतकात बहरलं. ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टच्या गीतांत मेजर आणि मायनर इतक्या सहज एकमेकांत शिरतात, की दार कुठे उघडलं ते कळत नाही. पुढे 1853 मध्ये जर्मन शास्त्रकार मोरिट्स हाउप्टमान याने कोमल धैवताच्या मेजरला ‘मोल-डूर’, म्हणजे ‘मायनर-मेजर’, असं वेगळं नावच दिलं.

इथे आपल्या कानाने थांबायला हवं. हाउप्टमानची ती स्वरमाला म्हणजे सा रे ग म प, कोमल ध, शुद्ध नी. हे आपल्या नटभैरवचे स्वर, आणि कर्नाटक पद्धतीतला सत्ताविसावा मेळ सरसांगी तोही हाच. म्हणून आमच्याकडचे शिकलेले लोक हा कॉर्ड ऐकला की लगेच म्हणतात, हे तर नटभैरव. स्वर मोजले तर बरोबर आहे, पण परिणाम वेगळा आहे. नटभैरवात शुद्ध धैवत येतच नाही, कोमल धैवत तिथला घरचा माणूस. उसन्या कॉर्डची गंमत शुद्ध ध नुकताच ऐकलेला असण्यात आहे. एफ आधी वाजला, कानात शुद्ध ध बसला, आणि दोन मात्रांनी तोच स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकला. आता त्याला पंचमाची ओढ लागते, कारण पंचमही अर्ध्याच पायरीवर आहे. पुढच्या सी मेजरमध्ये पंचम भेटला की ती ओढ शमते. एफ गाळून नुसता एफ मायनर वाजवला तर रंग दिसेल, पण उतरण हरवेल.

अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या गीतकारांनी ही उतरण फार ताकदीने वापरली. कोल पोर्टरच्या 1944 च्या ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’मध्ये शब्द मेजर ते मायनर या बदलाबद्दल बोलतात आणि त्याच क्षणी खाली चौथा कॉर्ड, म्हणजे मध्यमावर उभा असलेला, मेजरचा मायनर होतो. बीटल्सच्या 1965 च्या ‘इन माय लाइफ’मध्ये ए मेजरमध्ये डी, डी मायनर आणि परत ए असाच क्रम आहे. रेडिओहेडच्या 1992 च्या ‘क्रीप’मध्ये जी, बी, सी, सी मायनर हे चार कॉर्ड गाणंभर फिरत राहतात. त्या गाण्याच्या श्रेयात नंतर अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचीही नावं आली, कारण त्यांच्या आधीच्या ‘द एअर दॅट आय ब्रीद’शी साम्य होतं. चौथा कॉर्ड मायनर करणं कुणाच्या मालकीचं नाही. प्रश्न आला तो कॉर्डांची पूर्ण चाल आणि सूर दोन्ही जुळल्याने.

आमच्या बेळगाव भागात कॉर्डचा कान आला तो बराचसा हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून. त्या गाण्यांच्या वाद्यरचनेमागे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे वादक होते. चोर्ल्याचा घाट उतरला की त्यांचा मुलूख. पण बेळगाव हे त्याआधीपासून पेटीचं गाव. कागवाडला जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे (1917–2010) इथेच राहिले आणि त्यांनी इथे पिढ्या शिकवल्या. त्या परंपरेत पेटी गायकाच्या मागोमाग एकेक स्वर घेत जाते, तीन स्वरांचा गठ्ठा दाबत नाही. म्हणून इथल्या मुलांना कॉर्डचं नाव सांगण्यापेक्षा आतली उतरणारी ओळ दाखवली की पटकन उमगतं.

तरी घोळ होतो. गेल्या गणेशोत्सवाच्या वेळी बेळगावातल्या शहापुरात आमची तालीम चालू होती. मी बांधलेल्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत ‘घाट’ या शब्दावर चार मात्रांचा ठेहराव होता: दोन मात्रा एफ, दोन मात्रा एफ मायनर, मग सी. गाणारी मुलगी शास्त्रीय शिकलेली, तिचा सूर पक्का. तिसऱ्या मात्रेला मात्र कानाला खरचटल्यासारखं व्हायचं. मी आधी कीबोर्डचा ट्रान्सपोज तपासला, मग गिटारच्या तारा लावून घेतल्या. काही फरक पडेना.

“काका, तुम्ही एकटं वाजवा की,” ती म्हणाली.

एकटं वाजवलं तर गोड. तिचं एकटीचंही सुरेल. म्हणजे भांडण दोघांच्या मध्ये होतं. ती ‘घाट’वर शुद्ध ध धरून उभी होती आणि माझ्या हाताखाली कोमल ध. शेजारचे दोन स्वर एकाच वेळी वाजले की खरखर होणारच. एफ मायनर असताना गाणाऱ्याने शुद्ध ध धरायचा नाही, एवढं मी तिला सांगायला विसरलो होतो. हेच भांडण दोन वाजवणाऱ्यांतही होतं. कीबोर्डवाला मायनरला गेला आणि गिटारवाल्याच्या कागदावर नुसतं एफ असेल, तर तशीच खरखर येते आणि दोष उगाच गाणाऱ्यावर जातो.

“मग मी पण कोमल घेऊ काय? चाल मोडल्यासारखं वाटायला लागलंय मला.”

तिची शंका खरी होती. तिसऱ्या मात्रेला तिने कोमल ध घेतला असता तर चाललं असतं, पण मग उतरण गळ्यातही आणि हातातही झाली असती, आणि मला ती खालीच हवी होती. मी तिला शुद्ध धैवताऐवजी वरचा सा धरायला सांगितला. सा एफमध्ये आहे, एफ मायनरमध्ये आहे आणि सीमध्येही आहे. पंचमही चालला असता, पण तो एफ मायनरच्या बाहेरचा स्वर. तिथे थोडा अधांतरी वाटतो, आणि कॉर्डमधला धैवत उतरून जिथे पोचणार ती जागाही आधीच अडवतो.

आणखी एक गोष्ट तिथेच ठरवली. मला हावरटपणे एफ मायनरनंतर बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅटही घ्यायचे होते, तेही सी मायनरचेच. वाजवून बघितलं, तर दोन आवर्तनांत कान ई-फ्लॅटलाच घर समजायला लागला आणि सीवर परत येताना परक्या गावात उतरल्यासारखं झालं. ते दोन्ही कॉर्ड काढले. शेवटच्या ओळीत तिने सा धरला, गिटारवाल्याने कागदावर पेनाने छोटा एम घातला, आणि माझं मधलं बोट पांढऱ्या सहावरून काळ्या चारवर सरकून पांढऱ्या पाचवर येईपर्यंत तिचा सा जागचा हलला नाही.