गढूळ पाणी, वाळू आणि चिमूटभर तुरटी

विज्ञान प्रदर्शनात बुड कापून उलटी टांगलेली प्लॅस्टिकची बाटली आणि तिच्यात खडी, वाळू व कोळशाचे थर, असा पाणी गाळण्याचा प्रयोग दरवर्षी दिसतो. त्यात पावसाळ्यातले ओढ्याचे लालसर पाणी ओतले, की खाली बहुधा तसेच लालसर पाणी येते, आणि खरे विज्ञान नेमके या अपयशात आहे.

वाळू चाळणीसारखी काम करते, हा समज येथे आड येतो. पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराच्या वाळूच्या कणांमधील पोकळ्या एक-दोन मायक्रॉनच्या नव्हे, तर निदान तीस-चाळीस मायक्रॉनच्या असतात. चिकणमातीचे कण मात्र दोन मायक्रॉनहूनही लहान असल्याने त्यांतून सहज निसटतात. ते अडकायचे तर वाळूला चिकटले पाहिजेत; पण पाण्यात मातीच्या कणांवर आणि वाळूवरही ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार निष्प्रभ करते, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि मग वाळू त्यांना धरू शकते.

म्हणून प्रदर्शनात एक नव्हे, दोन सारख्या बाटल्या मांडाव्यात. टोपणाला भोके पाडून आतून सुती कापड लावावे, त्यावर पाच सेंटिमीटर बारीक खडी आणि तिच्यावर पंधरा सेंटिमीटर बारीक वाळू भरावी. वाळू आधी इतकी धुवावी, की धुण्याचे पाणी नितळ निघेल. बहुतेक प्रयोग या कंटाळवाण्या कामातच फसतात, कारण खाली येणारा गढूळपणा वाळूचाच असतो.

एक ग्रॅम तुरटी शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले पाच मिलिलिटर एक लिटर गढूळ पाण्यात घालावे, म्हणजे लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम तुरटी पडते. मिनिटभर जोरात आणि नंतर दहा मिनिटे अगदी हळू ढवळावे, कारण जोराने ढवळत राहिल्यास बनलेले पुंजके फुटतात. अर्ध्या तासाने वरचे पाणी एका बाटलीत आणि तुरटी न घातलेले, तितकाच वेळ ठेवलेले पाणी दुसरीत ओतावे. पुंजके दिसलेच नाहीत, तर तुरटीचे प्रमाण थोडेथोडे बदलून पाहावे. पाण्यागणिक ते वेगळे असते.

फरक मोजण्यासाठी कागदावर काळी फुली काढून त्यावर उंच, सपाट बुडाचा काचेचा ग्लास ठेवावा आणि वरून पाहत, फुली दिसेनाशी होईपर्यंत त्यात पाणी ओतावे. पाण्याची उंची जितकी जास्त, तितका गढूळपणा कमी. भरूनही फुली दिसत राहिली, तर तशी नोंद करावी.

कोळशाचा थर मी मुद्दाम वगळला आहे. तो रंग आणि वास काही अंशी शोषतो, पण येथे तो मूळ प्रश्न झाकून टाकतो. नितळ दिसणाऱ्या या पाण्यातही रोगजंतू राहू शकतात, तेव्हा परीक्षकांना ते चाखायला देऊ नये आणि तशी पाटी शेजारीच लावावी.