४२ नग विकले, की ४२ टिकले?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका कपड्यांच्या दुकानाचा दिवाळीच्या महिन्याचा आयटमवार रिपोर्ट माझ्यासमोर होता. लाल कुर्ती ४२ नग, ३३,६०० रुपये. पलाझो ४२ नग, ३३,६०० रुपये. दोन्हीचा भाव ८००. दोन्हींची मागणी सारखीच दिसते म्हटल्यावर मालकीणबाई दोन्हींची सारखीच ऑर्डर द्यायला निघाल्या होत्या.

मी बिलांच्या ओळी उघडल्या. कुर्त्या ४२ विकल्या गेल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती. पलाझो मात्र ७० विकले गेले आणि २८ परत आले. काउंटरवरचा मुलगा माल परत आला की त्याच बिलिंगमध्ये नग -१ टाकतो, आणि रिपोर्ट आंधळेपणाने सगळ्या ओळींची बेरीज करतो.

म्हणजे पलाझोची ढोबळ विक्री ५६,००० रुपये, परत आलेला माल २२,४०० चा आणि निव्वळ विक्री ३३,६००. रिपोर्टचा आकडा चुकीचा नव्हता, फक्त तो निव्वळ विक्रीचा होता आणि वर मथळा नुसता ‘विक्री’. गल्ल्यात शेवटी किती राहिले हे निव्वळ विक्री सांगते. गिऱ्हाइकांनी माल किती उचलला हे ढोबळ विक्रीवरून कळतं, आणि दोन्हींतल्या फरकावरून माल कुठे फसला ते. इथे शंभरातले चाळीस पलाझो परत येत होते. बाईंनी विचारपूस केली तेव्हा कळलं, एल साइजच्या लेबलखाली एमची कंबर होती.

एक्सेलमध्ये हे वेगळं काढणं सोपं आहे. बी कॉलमात आयटम, सीमध्ये नग आणि डीमध्ये रक्कम धरू:

```
=SUMIFS(D:D,B:B,"पलाझो",C:C,">0")
=-SUMIFS(D:D,B:B,"पलाझो",C:C,"<0")
```

पहिलं सूत्र ढोबळ विक्री देतं, दुसरं परत आलेल्या मालाची रक्कम. पण एक काळजी घ्या: हे बिलांच्या सुट्या ओळींवरच चालतं. आयटमवार बेरीज होऊन आलेल्या शीटवर लावलंत तर काहीच हाती लागत नाही, कारण वजाबाकी तिथे आधीच होऊन गेलेली असते.

बेरजेवरूनही कधीकधी संशय येतो. एखाद्या आयटमचे नग चक्क उणे दिसले, तर बहुधा गेल्या महिन्यातला माल या महिन्यात परत आलेला असतो. सरासरी भाव विचित्र निघाला, तर सेलमध्ये ६०० ला गेलेला नग ८०० च्या छापील भावाने परत घेतलेला असू शकतो.

मायनसच्या चिन्हावरून एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही. मुलाने चुकून ७ ऐवजी ७० नगांचं बिल केलं आणि ते -७० टाकून रद्द केलं, तर वरची सूत्रं ५६,००० ची विक्री झाली आणि सगळा माल परत आला असं दाखवतील. प्रत्यक्षात त्यातलं काहीच घडलेलं नसतं. म्हणून आता त्या दुकानात प्रत्येक मायनस ओळीपुढे कारण लिहितात: परत, बदली किंवा रद्द. ‘रद्द’च्या ओळी आणि त्यांची मूळ बिलं आम्ही दोन्ही बेरजांतून वगळतो.