पूर्ण घेराचा स्कर्ट: पाव इंचाची चूक कमरेत दीड इंच का होते?

पूर्ण घेराचा स्कर्ट म्हणजे मधोमध भोक असलेलं एक मोठं वर्तुळ. भोक कमरेएवढं आणि भोकापासून कडेपर्यंतचं अंतर स्कर्टच्या उंचीएवढं. कागदावर एवढंच गणित आहे, पण कापडावर ते बिघडतं, कारण वर्तुळात त्रिज्या एक इंच वाढली की परीघ ६.२८ इंच वाढतो. वर्तुळ लहान असो की मोठं, हा आकडा बदलत नाही. म्हणून त्रिज्येत पाव इंचाची चूक झाली, तरी कमर दीड इंचाहून जास्त सैल किंवा घट्ट होते. सरळ शिलाईच्या घागऱ्यात असं होत नाही. तिथे पाव इंच म्हणजे पाव इंचच.

एक माप घेऊन पाहू. कमर २८ इंच, पट्ट्यासकट तयार उंची ३६ इंच, तयार पट्टा दीड इंचाचा. कापड ४४ इंच पन्ह्याचं साधं कॉटन आहे. एवढं मोठं वर्तुळ या पन्ह्यात अखंड बसत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळं कापून दोन्ही बाजूंना जोडायची आणि एका जोडात चेन लावायची.

आधी भोक. २८ ला ६.२८ ने भागलं तर साडेचार इंचांच्या जवळपास येतात आणि बरेच जण तिथेच खडू टेकवतात. पण दोन जोडांना चार कडा आहेत. प्रत्येकीची अर्धा इंच माया शिलाईत जाते, म्हणजे परिघातले २ इंच गेले. तेव्हा शिलाईची रेघ ३० इंचांची हवी. ३० भागिले ६.२८ म्हणजे ४.७७, व्यवहारात पावणेपाच इंच. ही झाली पट्टा जोडण्याची रेघ. कात्री मात्र तिच्याही आत, मायेचा अर्धा इंच सोडून, सव्वाचार इंचांवर चालवायची.

सर्वांत जास्त स्कर्ट इथे वाया जातात. एरवी माया सोडायची म्हणजे माप वाढवायचं, ही हाताला लागलेली सवय असते. त्या सवयीने भोकाची त्रिज्या सव्वापाच धरली, तर पट्ट्याची शिलाई त्याच्याही अर्धा इंच खाली, पावणेसहावर बसते. तिथला परीघ, जोडांची माया वजा जाता, ३४ इंचांच्या वर भरतो. २८ च्या कमरेला तो स्कर्ट राहणारच नाही. भोकाची माया नेहमी केंद्राच्या दिशेने सोडायची.

उलट घाबरवणारा प्रकारही होतो. बरोबर कापलेलं भोक जोड शिवल्यावर टेपने मोजलं तर कड पंचवीस इंचांच्याही आत येते आणि भोक लहान झालं असं वाटतं. ते मोठं करू नये. मोजायची ती शिलाईची रेघ. त्या रेघेवर आधी एक साधी टीप मारून घ्यावी आणि मायेत दर इंचाला टिपेच्या जरा अलीकडेपर्यंत छोटे काप द्यावेत. काप उघडले की कड पट्ट्याच्या मापाला येते. टीप कापल्याबरोबर मारायची आहे, कारण भोकाचा काही भाग उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि नुसता हाताळूनही ताणला जातो.

आता बाहेरची त्रिज्या. पट्टा वजा जाता उंची साडेचौतीस, त्यात पावणेपाच आणि खालच्या दुमडीचा अर्धा इंच. बेरीज पावणेचाळीस. कापडाच्या हिशोबासाठी ४० धरू.

अर्धवर्तुळाची सरळ बाजू ८० इंच, खोली ४० इंच. ४४ च्या पन्ह्यातून दोन्ही काठ सोडले की ४३ इंच वापरता येतात, म्हणजे खोली बसते. सरळ बाजू कापडाच्या लांबीत ठेवून दोन अर्धवर्तुळं एकापुढे एक मांडली तर १६० इंच लागतात, म्हणजे ४ मीटरच्या थोडं वर. त्यापेक्षा एकाची सरळ बाजू खालच्या काठाला आणि दुसऱ्याची वरच्या काठाला ठेवावी. मग गोलाई गोलाईशेजारी येते आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे सरकतात. किती सरकतात ते पायथागोरस सांगतो. दोन्ही केंद्रांत निदान ८० इंच अंतर हवं, त्यातलं ४३ इंच पन्ह्याच्या दिशेने आधीच आहे. ८० चा वर्ग ६४००, ४३ चा १८४९. वजाबाकी ४५५१, तिचं वर्गमूळ सुमारे साडेसदुसष्ट. लांबीच्या दिशेने केंद्रं एवढी दूर ठेवायची. दोन्ही टोकांचे चाळीस-चाळीस मिळवले की १४७.५ इंच, म्हणजे पावणेचार मीटर. बारा इंचांच्या वर कापड वाचलं. पट्ट्यासाठी वेगळं कापडही लागत नाही. पहिल्या अर्धवर्तुळाच्या वरच्या कोपऱ्यात ४ इंच रुंद आणि ३१ इंच लांब सरळ पट्टी निघते. दीड इंची पट्टा दुहेरी दुमडून, २८ इंच अधिक चढणीचा एक आणि मायेचा एक, असे ३० इंच तिच्यात बसतात. दुकानात मात्र ४ मीटर घ्यावं आणि धुऊन, इस्त्री करून मगच मोजावं, कारण आटलेल्या कापडावर हे हिशोब अपुरे पडतात.

या मांडणीचा आणखी एक फायदा मखमलीवर कळतो. अर्धवर्तुळं एकाच दिशेने मांडली, तर जोडताना दुसरं पूर्ण फिरवावं लागतं आणि जोडाच्या दोन बाजूंना लव उलटसुलट येते. एक काळपट, एक उजळ. समोरासमोर मांडलेले तुकडे न फिरवता जुळतात आणि लव अखंड राहते.

लहान मुलीसाठी हा खटाटोप नको. भोकाची त्रिज्या, उंची आणि दुमड मिळून साडेएकवीस इंचांच्या आत असेल, तर ४४ च्या पन्ह्यात वर्तुळ अखंड बसतं. तेवढाच चौकोन चारपदरी दुमडून कापावा. तिथे चेनसाठी मागे चीर द्यावी लागते.

आखताना दोरा वापरू नये, तो ताणतो. केंद्रावर टेपचं टोक टाचणीने घट्ट धरून दर दोन-तीन इंचांवर खडूची खूण करावी आणि खुणा हाताने जोडाव्यात.

कापल्यावर लगेच खालची दुमड घालायची घाई नको. बाजूचा जोड आणि स्कर्टच्या पुढचा किंवा मागचा मध्य यांच्या बरोबर मधला भाग उरेबात असतो, तिथे कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. पट्टा लावून स्कर्ट निदान एक रात्र हँगरला टांगावा, मग घालून जमिनीपासून सरळ पट्टीने सारख्या उंचीवर खुणा कराव्यात आणि लोंबलेलं कापावं. दुमड अरुंदच ठेवायची. अर्ध्या इंचाच्या दुमडीत खालची कड एक इंच वर, लहान वर्तुळावर जाऊन बसते, म्हणजे तिथे ६.२८ इंच कापड जास्त होतं. अख्ख्या घेरात ते इस्त्रीने मुरतं. एक इंची दुमड घेतली तर साडेबारा इंच जास्तीचे होतात आणि जागोजागी चुण्या पडतात. रुंद कड हवीच असेल, तर उरेब पट्टी लावावी.